बासरीची पहिली फुंक : ओठांची ठेवण, दमसास आणि सुरात येणारी हवा

बासरी शिकायला सुरुवात केलेल्या आपल्या सभासदांची तक्रार बहुधा एकच असते. सूर निघतो, पण त्याच्याबरोबर 'फूऽस' असा आवाज येतो. कधी सुरापेक्षा हवाच जास्त ऐकू येते. वयस्कर सभासद यावरून लगेच निष्कर्ष काढतात की आता छातीत दम राहिला नाही, हे वाद्य तरुणपणीच धरायला हवे होते. मग बासरी कपाटावर जाते आणि तिथेच राहते.

आम्ही स्वतः बँकेतून निवृत्त झाल्यावर बासरी हातात घेतली. आमचाही पहिला महिना याच गैरसमजात गेला. म्हणून या लेखात आम्ही राग, अलंकार, बोटांच्या हालचाली यांत शिरलेलो नाही. पहिला सूर हवेशीर का येतो, तो दोष फुप्फुसांचा आहे की ओठांचा, आणि तो कसा ओळखून दूर करावा, एवढेच येथे मांडले आहे.

अलगूज लगेच वाजते, बासरी का नाही?

यात्रेत मुलांना घेऊन देतो ते अलगूज किंवा पावा आठवावा. चार वर्षांचे पोरही तो तोंडात धरून फुंकते आणि सूर निघतो. कारण त्याच्या तोंडाशी कारागिराने एक बारीक चपटी फट कोरलेली असते. फुंक कशीही असो, ती त्या फटीतून पातळ होऊनच बाहेर पडते आणि समोरच्या धारदार कडेवर बरोबर आदळते. फुंकेची जाडी, दिशा आणि कडेपर्यंतचे अंतर, या तिन्ही गोष्टी कारागिराने आधीच ठरवून दिलेल्या असतात.

आडव्या बासरीत ही फट नसते. तिथे फक्त एक छिद्र असते. फट तयार करायची ती आपल्या ओठांनी, दिशा द्यायची ती ओठांनी आणि अंतर राखायचे तेही ओठांनी. थोडक्यात, अलगुजाच्या कारागिराचे काम बासरीत वाजवणाऱ्यावर येऊन पडते. म्हणूनच बासरीत सूर लहानमोठा करता येतो, त्याला आस देता येते. आणि म्हणूनच पहिले काही आठवडे नुसती हवा जाते.

सूर तयार होतो कसा

फुंकेच्या छिद्राची जी कड आपल्या ओठांपासून लांब असते, तिच्यावर सगळे अवलंबून आहे. ओठांतून निघालेला हवेचा पट्टा त्या कडेवर येतो तेव्हा तो थोडा आत आणि थोडा बाहेर असा विभागतो. बांबूच्या पोटातली हवा हलू लागली की ती या पट्ट्याला एकदा आत ओढते, एकदा बाहेर ढकलते. पांढरी पाचच्या बासरीवर षड्ज वाजत असताना हे आतबाहेर एका सेकंदाला सुमारे ३९२ वेळा होते. पट्टा आत गेला की बांबूतल्या हवेला धक्का मिळतो, आणि त्या धक्क्यावर सूर टिकून राहतो. देवळातल्या झोक्याला योग्य वेळी हात लावत राहावे, तसा हा प्रकार आहे.

आता पट्टा पातळ असेल तर तो संपूर्णपणे कडेच्या आतबाहेर झुलतो आणि जवळजवळ सगळी हवा कामी येते. पट्टा जाड असेल तर त्याचा कडेलगतचा भाग तेवढा झुलतो. उरलेली हवा कुठेच न गुंतता घुसळत निघून जाते, आणि तिचाच 'फूऽस' असा आवाज आपल्या कानाला येतो. म्हणजे हवेशीर सुरात हवा कमी नसते. उलट नको तितकी असते, फक्त ती कामाला लागलेली नसते.

साधा हिशेब

आकडेमोडीची आमची जुनी सवय येथे उपयोगी पडली. समजा, ओठांमधील फट १० मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर उंच आहे, आणि हवा सेकंदाला १२ मीटर वेगाने बाहेर पडते आहे. खालच्या आणि मधल्या सुरांसाठी साधारण एवढा वेग पुरतो. या फटीतून सेकंदाला सुमारे १२० मिलिलिटर हवा खर्च होते. एका सहज श्वासात आपण वाजवण्यासाठी दोन लिटर हवा वापरू शकलो, तर सूर सुमारे १६ सेकंद टिकेल.

आता हीच फट १४ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर उंच धरू. नवशिक्याची फट बहुधा एवढी असतेच. वेग तोच ठेवला तरी खर्च सेकंदाला सुमारे ३३६ मिलिलिटरवर जातो, आणि तीच दोन लिटरची शिल्लक सहा सेकंदांत संपते. माणूस तोच, छाती तीच, श्वास तोच. फरक फक्त ओठांच्या फटीचा.

जोर किती लागतो, तेही घरी पाहता येते. पेलाभर पाण्यात सरबताची नळी बरोबर एक सेंटीमीटर बुडवावी आणि हळू फुंकावे. बुडबुडे नुकते सुरू होतात तेवढा दाब म्हणजे जवळजवळ वरच्या हिशेबातल्या १२ मीटरच्या वेगाचा दाब. नातवंडेसुद्धा तो सहज देऊ शकतात. फुगा फुगवायला याच्या कितीतरी पट दाब लागतो. बासरी वाजवताना गालाच्या शिरा ताणल्या जात असतील, मान आखडत असेल, तर जोर चुकीच्या जागी लागतो आहे हे नक्की समजावे.

ओठांची ठेवण

आपल्याकडे फुंकर म्हटले की दोन प्रकार डोळ्यांसमोर येतात. एक बशीतल्या चहावरची फुंकर, दुसरी चुलीत फुंकणीने घातलेली. पहिल्यात ओठांचा चंबू होतो आणि फट गोल होते. दुसरीत गाल फुगतात आणि जोर लागतो. बासरीला या दोन्ही सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. तिला लागते ती चपटी, पातळ आणि थंड फुंक.

ती मिळवण्यासाठी आधी बासरी न घेता आरशासमोर बसावे. 'म' म्हणताना ओठ मिटतात तसे ते मिटावेत, पण दाबू नयेत. ओठांचे दोन्ही कोपरे जागच्या जागी किंचित घट्ट धरावेत. हसल्यासारखे ओढले तर खालचा ओठ ताणून कडक होतो, आणि मग तो बासरीवर नीट बसत नाही. आता ओठ आपण न उघडता आतल्या श्वासालाच मधोमध वाट काढू द्यावी. ओठाच्या टोकावर चिकटलेला तांदळाचा कण हलकेच उडवायचा असतो तेव्हा अशीच फट पडते. समोर बोट धरले तर हवेची बारीक, गार रेघ बोटाच्या एकाच जागी लागली पाहिजे. सगळ्या बोटाला कोमट हवा लागत असेल तर फट अजून मोठी आहे.

ही रेघ मिळाली की बासरी ओठाला लावावी. छिद्राची जवळची कड खालच्या ओठाच्या लाल भागाच्या खालच्या रेषेवर टेकावी, आणि ओठाने छिद्राचा साधारण एक तृतीयांश भाग झाकला जावा. वरच्या ओठाने फुंकेला किंचित खाली वळवावे, म्हणजे ती छिद्रावरून नुसती सरकून न जाता समोरच्या कडेवर पडते. ओठांपासून त्या कडेपर्यंतचे अंतर सात-आठ मिलिमीटरच्या आसपास राहते. एवढ्या छोट्या जागेत एका मिलिमीटरनेही सूर बदलतो. त्यामुळे 'कालपर्यंत येत होता, आज येत नाही' ही तक्रार खरी असते. बासरी किंचित सरकलेली असते.

योग्य जागा शोधण्याचा मार्ग असा. एकही बोट छिद्रावर न ठेवता, दोन्ही हातांनी बासरी फक्त धरून, हळू फुंकत राहावे आणि बासरी स्वतःभोवती अगदी सावकाश फिरवावी, किल्ली फिरवतो तशी. बाहेरच्या बाजूला फिरवली की छिद्र जास्त उघडते, सूर थोडा चढतो आणि हवा वाढते. आतल्या बाजूला फिरवली की छिद्र झाकले जाते, सूर उतरतो आणि दबून, कोंडल्यासारखा येतो. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद जागा असते, जिथे 'फूऽस' अचानक कमी होऊन सूर भरतो. ती जागा सापडली की बासरीवर ओठाच्या मध्याशी येईल अशी शिसपेन्सिलीची बारीक खूण करावी. दुसऱ्या दिवशी आरशात ती खूण पाहून बासरी लावली की शोधण्याचा वेळ वाचतो. दोन-तीन आठवड्यांत ओठाला जागा आपोआप कळू लागते आणि खुणेची गरज उरत नाही.

येथे काही लहान गोष्टी सांगायला हव्यात, कारण आपल्या वर्गात त्यांनीच सर्वांत जास्त घोटाळा केला. वरच्या ओठावर उतरलेली मिशी फुंकेच्या वाटेत येते. केसांवरून गेलेली हवा फाटते आणि सूर खरखरतो. आपल्याकडे निवृत्त सैनिक बरेच असल्याने हा मुद्दा नाजूक आहे, परंतु मिशी ठेवूनही तिची खालची कड ओठाच्या वर कातरता येते. कवळी असेल तर ती लावूनच वाजवावे. कवळीशिवाय ओठांना आधार राहत नाही आणि फट रोज वेगळी पडते. ओठांवर साय, तूप किंवा मलम असेल तर बासरी घसरते, म्हणून ते पुसून घ्यावे. फार कोरडे ओठही नीट मिटत नाहीत. अशा वेळी पाण्याचा घोट पुरतो.

दोष ओठांचा की बोटांचा?

हवेशीर सुराचे दुसरे कारण म्हणजे बोटांखालची गळती. दोन्हींचा उपाय वेगळा असल्याने आधी निदान करावे. बासरीची सहाही छिद्रे उघडी ठेवली की तीव्र मध्यम वाजतो. पहिले छिद्र झाकले की गंधार, दोन झाकली की रिषभ, तीन झाकली की षड्ज. पुढे चार, पाच आणि सहा छिद्रे झाकत गेले की मंद्र निषाद, धैवत आणि पंचम येतात.

तीव्र मध्यमाला एकही बोट लागत नाही. तोच सूर हवेशीर येत असेल तर दोष ओठांचा आहे. बोटांकडे पाहूच नये. तीव्र मध्यम स्वच्छ येतो, पण षड्जावर आले की सूर फाटतो, चिरकतो किंवा एकदम वर उडी मारतो, तेव्हा बहुधा बोट कुठेतरी नीट बसलेले नाही. खात्री करायची असेल तर वरच्या तीन छिद्रांवर कागदी चिकटपट्टी घट्ट लावावी आणि फुंकून पाहावे. पट्टीवर षड्ज स्वच्छ आला आणि बोटांवर आला नाही, तर निर्णय झाला. बोटांची टोके न वापरता पेराचा मऊ, सपाट भाग छिद्रावर ठेवावा. काढल्यावर त्या भागावर छिद्राचे पूर्ण वर्तुळ उमटलेले दिसले पाहिजे. अर्धवट चंद्रकोर उमटली असेल तर उरलेल्या बाजूने हवा जात होती. यावर उपाय म्हणून बोट जोरात दाबू नये, त्याची जागा बदलावी.

कधी दोष खुद्द बासरीचा असतो. फुंकेच्या छिद्राची कड खडबडीत किंवा चेपलेली असेल, किंवा बांबूला केसासारखी तड गेली असेल, तर कितीही रियाज करून हवा जाणार नाही. ज्यांचा सूर बसलेला आहे अशा कोणाकडून तीच बासरी वाजवून घेणे, ही याची सोपी परीक्षा. त्यांच्या हातीही सूर फुसफुसला तर बासरी बदलावी. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट असते आणि डिसेंबर-जानेवारीत कोरडी. या बदलात बांबू फुगतो आणि आकसतो, म्हणून बासरी उन्हात किंवा गाडीत ठेवू नये. वाजवून झाल्यावर आतली ओल मऊ फडक्याने टिपून घ्यावी.

दमसास : श्वास घेण्यापेक्षा सोडणे महत्त्वाचे

फट आणि दिशा जमली की मग श्वासाकडे वळावे, आधी नाही. मोठ्या फटीतून दमसासाचा अभ्यास करणे म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरत राहणे.

श्वास घेताना खांदे वर जात असतील तर फक्त छातीचा वरचा भाग भरतो. पोटावर एक तळहात आणि खालच्या बरगड्यांच्या बाजूला दुसरा ठेवून पाहावे. श्वास घेताना दोन्ही हात बाहेर ढकलले गेले पाहिजेत आणि खांदे स्थिर राहिले पाहिजेत. ताठ बसावे, पाठ वाकली की पोटाला जागा उरत नाही.

खरी अडचण त्यानंतर येते. पूर्ण भरलेली छाती स्वतःहून आकसू पाहते. त्यामुळे सुराच्या पहिल्या एक-दोन सेकंदांत आपण काही न करताच हवा जोरात बाहेर येते. तिथे सूर मोठा आणि फुसफुसणारा होतो, आणि शेवटी हवा कमी पडल्यावर तो खाली उतरत विरतो. पेन्शन जमा झाल्याच्या दिवशीच अर्धी खर्च करावी, तसे हे होते. म्हणून सुरुवातीला श्वास सोडण्याऐवजी रोखून धरायचा असतो. श्वास घेताना बरगड्या जिथे पसरल्या तिथेच त्या ठेवण्याचा प्रयत्न करावा आणि हवेला ओठांच्या फटीतून जेवढी जाईल तेवढीच जाऊ द्यावी. श्वास निम्म्याहून कमी उरला की मग पोटाने हळूहळू आत ढकलायला सुरुवात करावी. सूर आरंभापासून शेवटपर्यंत एकाच उंचीवर आणि एकाच आकाराचा राहिला, तर हे साधले असे समजावे. तानपुऱ्याच्या षड्जाशी मिळवून पाहिले की सूर कुठे चढतो आणि कुठे उतरतो ते लगेच कळते.

वरच्या सप्तकात जाताना नवशिके जोर वाढवतात. सूर वर जातो, पण कर्कश होतो आणि त्यात हवा वाढते. ओठांपासून कडेपर्यंत पोहोचायला फुंकेला जो वेळ लागतो, तो वरच्या सुराला निम्म्याच्या आसपास लागतो. तो दोन प्रकारे कमी होतो : वेग वाढवून किंवा अंतर कमी करून. दोन्ही थोडे थोडे करावे. ओठ किंचित पुढे आणावेत आणि फट आणखी बारीक करावी, म्हणजे थोड्याच हवेला जास्त वेग येतो. जोर वाढवून तार षड्ज काढण्याची सवय एकदा लागली की ती मोडायला फार वेळ जातो, असा आमचा अनुभव आहे.

एका सभासदाची वही

आपल्या एका सभासदांनी, वय ६६, दूरदर्शनवर मैफल ऐकून पांढरी तीनची, सुमारे अडीच फूट लांबीची बासरी घेतली. पहिल्या दिवशी षड्ज चार सेकंद टिकला, त्यातही निम्मी हवा. त्यांनी जोर वाढवला. तिसऱ्या दिवशी सलग वीस मिनिटे फुंकल्यावर त्यांना चक्कर आली, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या. घरचे घाबरले, डॉक्टरांकडे नेले. रक्तदाब, हृदय सगळे ठीक निघाले. मोठमोठे श्वास भराभर सोडत राहिल्याने रक्तातला कर्ब वायू कमी होतो आणि असे होते, असे डॉक्टरांनी समजावले. पण घरात बासरी बंद करण्याचा निर्णय जवळजवळ झालाच होता.

आम्ही त्यांना तीन गोष्टी सुचवल्या. पहिली, लांब बासरी ठेवून देऊन पांढरी एकची, सुमारे दीड फुटाची बासरी घ्यावी. तिची छिद्रे जवळजवळ असतात, बोटे ताणावी लागत नाहीत आणि बांबूतली हवा लवकर बोलते. दुसरी, आठवडाभर बोटे न लावता फक्त तीव्र मध्यम. तिसरी, एका वेळी दहा मिनिटेच, आणि प्रत्येक लांब सुरानंतर दोन-तीन साधे श्वास नाकाने.

त्यांनी वही ठेवली. अट अशी होती की सूर विरळ झाला तिथेच मोजणी थांबवायची, श्वास संपला तिथे नाही. या अटीमुळे पहिल्या दिवसाचा आकडा दोन सेकंद निघाला. चौथ्या दिवशी आरशात त्यांना दिसले की फट मधोमध नाही, डावीकडे सरकलेली आहे. वरच्या ओठाचा आकार काहींचा तसाच असतो. त्यांनी ओठ सरळ करण्याचा हट्ट न धरता बासरीच थोडी डावीकडे सरकवली आणि पेन्सिलीची खूण तिथे केली. त्या दिवशी पाच सेकंद स्वच्छ सूर आला. दहाव्या दिवशी षड्ज सात सेकंद. तीन आठवड्यांच्या शेवटी अकरा. फुप्फुसे तीन आठवड्यांत बदलत नाहीत. बदलली होती ती फट.

चक्कर, छातीत दुखणे किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली की बासरी तत्काळ खाली ठेवावी, हा नियम आपल्या वर्गात सर्वांना आहे. हर्निया, अनियंत्रित रक्तदाब किंवा नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

लांब बासरीचा मोह आणि उरलेली हवा

लांब बासरीचे आकर्षण समजण्यासारखे आहे. बरिशाल येथे १९११ साली जन्मलेले पं. पन्नालाल घोष यांनी साधारण बत्तीस इंची मोठी बासरी रागसंगीताच्या मैफलीत आणली. त्याआधी बासरी बहुतांशी लोकसंगीताचे आणि साथीचे वाद्य मानले जाई. १९६० मध्ये ते गेले, पण त्यांचे शिष्य आणि जावई पं. देवेंद्र मुर्डेश्वर यांच्यासारख्यांनी ती परंपरा पुढे नेली. पं. हरिप्रसाद चौरसिया यांनी तर अन्नपूर्णादेवींकडे शिकायला जाताना, स्वतः नावाजलेले वादक असूनही, बासरी धरण्याची बाजू बदलली. हात बदलला म्हणजे ओठांची ठेवणही उलटी बसवावी लागते. ज्यांचा सूर जगाने ऐकला होता त्यांनी पुन्हा नवशिक्यासारखी सुरुवात केली, हे आपण लक्षात ठेवावे.

लांब बासरीला लांब बोटे, मोठी छिद्रे आणि अधिक नेमकी फुंक लागते. पांढरी एकवर षड्ज दहा सेकंद स्वच्छ टिकू लागला आणि मंद्र पंचमापर्यंत सूर न फाटता उतरता आले, की पांढरी पाचची, सुमारे दोन फुटांची बासरी घ्यावी. पांढरी तीनची त्यानंतर. प्रत्येक नव्या लांबीला पहिले काही दिवस पुन्हा हवा येईल. फट तीच राहते, अंतर आणि दिशा मात्र नव्याने शोधावी लागते.

शेवटी एक मर्यादा. बासरीच्या सुरातून हवा पूर्णपणे कधीच जात नाही. मंद्र सप्तकात थोडा श्वास ऐकू येणे हा बांबूचा स्वभावच आहे, आणि जाणकार रसिक त्याला दोष मानत नाहीत. तो श्वास सुराच्या मागे असावा, पुढे नसावा, एवढेच पाहायचे. आपला सूर आपल्या कानाला जवळून जास्त हवेशीर वाटतो, कारण ओठ कानापासून वीतभरावर असतात. म्हणून मोबाइलवर चार-पाच फुटांवरून मुद्रण करून ऐकावे. अनेकदा वाटते त्यापेक्षा सूर बरा निघतो. नाही निघाला, तर एकही बोट न लावता तीव्र मध्यमापासून पुन्हा सुरुवात करावी.

ज्या सभासदांच्या घरी कपाटावर बासरी पडून असेल, त्यांनी ती खाली उतरवून आधी पाण्याच्या पेल्यातील नळीचा प्रयोग करून पाहावा. एक सेंटीमीटर खोलीवर बुडबुडे निघाले, तर पहिल्या सुराला लागणारा दम आपल्यापाशी आहे. राहिले ते ओठांचे काम.